तुम्ही विचारलंत म्हणून: एंगेजमेंट रेट काढायचा कसा आणि ताडायचा कोणाशी

«माझे इन्स्टाग्रामवर ४,२०० फॉलोअर्स आहेत, पोस्टला शंभर-सव्वाशे लाइक्स येतात. त्या मोठ्या फूडवाल्या ताईंना एकेका पोस्टला पन्नास हजार येतात. माझा एंगेजमेंट रेट फारच कमी आहे का हो?»

आधी साधा भागाकार करून टाकू. १२५ भागिले ४,२००, गुणिले १००, म्हणजे जवळजवळ ३ टक्के. त्या ताईंचे फॉलोअर्स समजा २५ लाख असतील, तर त्यांचे पन्नास हजार म्हणजे २ टक्के. पण लगेच पेढे वाटू नका. लाइक्स बघून «मी कुठेच नाही» म्हणणं जितकं निरर्थक, तितकंच टक्के बघून «मी त्यांच्या पुढे» म्हणणंही. का, ते पुढे येईलच. त्याआधी तुमचा ३ हा आकडा तरी खरा आहे का ते बघायला हवं, कारण डोळ्यासमोरच्या दोन-चार पोस्ट आठवून काढलेला रेट बहुतेक वेळा चुकीचा निघतो.

लहान व्यावसायिकांची इन्स्टाग्राम खाती सांभाळणं हे माझं रोजचं काम. कोकम, आंबोशी, कुळथाचं पीठ असा घरगुती माल विकणाऱ्या एका खात्यावर बेतलेलं उदाहरण घेते. आकडे मी बदललेत, गणित तेच आहे. फॉलोअर्स तुमच्याइतकेच धरू, ४,२००.

गेल्या १२ पोस्ट घ्यायच्या, पण अगदी ताज्या नाहीत. कालच्या पोस्टला अजून लाइक्स यायचे असतात, म्हणून मी निदान आठवडा जुन्या पोस्टपासून मागे मोजत जाते. वर पिन करून ठेवलेल्या पोस्ट सोडायच्या, त्या कधीच्या असतात सांगता येत नाही. प्रत्येक पोस्टचे लाइक्स आणि कमेंट्स लिहायचे आणि कमेंट्समधून स्वतःची उत्तरं वजा करायची. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. विक्रीच्या खात्यावर कमेंट्स अशा असतात: «किंमत?», खाली तुमचं «डीएम केलंय ताई», परत «मुंबईला पाठवता का?», खाली तुमचं «हो, कुरिअरने». पोस्टखाली २४ कमेंट्स दिसतात, त्यातल्या ११ तुमच्याच. स्वतःशी केलेल्या गप्पा एंगेजमेंटमध्ये धरायच्या नाहीत.

हे सगळं करून १२ पोस्टच्या लाइक्स-कमेंट्सच्या बेरजा अशा आल्या: ९६, ११८, १३१, ८८, १४२, १०९, १६४०, १२४, १०१, १३७, ६४०, ११३. एकूण ३,४३९. सरासरी काढली तर पोस्टमागे २८७ आणि रेट ६.८ टक्के. ऐकायला फार छान वाटतं, पण त्या यादीत २८७ च्या आसपास एकही पोस्ट नाही. दहा पोस्ट दीडशेच्या आत आहेत आणि दोघींनी मिळून सगळ्यांना वर ओढलंय. १६४० वाली म्हणजे «तीन मैत्रिणींना टॅग करा आणि आमसुलं जिंका» ही स्पर्धा. ६४० वाली दुसऱ्या मोठ्या खात्याबरोबरची कोलॅब पोस्ट. कोलॅबमध्ये दोन्ही खात्यांवर एकच पोस्ट दिसते, लाइक्स आणि कमेंट्सही सामाईक असतात. म्हणजे वर दोघांचे लोक आणि खाली भागायला फक्त तुमचे ४,२००. आकडा फुगणारच.

म्हणून मी सरासरी घेत नाही, मधला आकडा घेते. सगळे चढत्या क्रमाने लावले की मधोमध ११८ आणि १२४ येतात, त्यांच्या मधला १२१. भागिले ४,२००, म्हणजे २.९ टक्के. स्पर्धेवर १६४० ऐवजी पाच हजार आले असते तरी हा आकडा हलला नसता. शीटमध्ये बेरजा E रकान्यात असतील तर सूत्र एवढंच:

```
=MEDIAN(E2:E13)/4200*100
```

पैसे भरून बूस्ट केलेल्या पोस्ट मात्र यादीतच घेऊ नका, कारण त्यावरचे लाइक्स तुम्ही विकत आणलेल्या प्रेक्षकांचे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, सेव्ह आणि शेअर कुठे गेले? तुमच्या इनसाइट्समध्ये ते दिसतात आणि पाककृतीच्या पोस्टला सेव्ह हेच खरं माप असतं, हे मलाही मान्य आहे. पण दुसऱ्याच्या पोस्टला किती सेव्ह पडले ते तुम्हाला दिसत नाही. स्वतःचे सेव्ह धरायचे आणि शेजाऱ्याचे फक्त लाइक्स-कमेंट्स, तर ताजव्याच्या एका पारड्यात आधीच वजन ठेवल्यासारखं होईल. दुसऱ्यांशी ताडताना दोन्हीकडे जे उघड दिसतं तेवढंच घ्या.

स्वतःची प्रगती स्वतःशी बघायची असेल तेव्हा सेव्ह-शेअरसकट सगळं धरा आणि फॉलोअर्सऐवजी रीचने भागा, म्हणजे पोस्ट प्रत्यक्षात जितक्या खात्यांपर्यंत पोचली त्या संख्येने. १४२ वाल्या पोस्टला समजा ३१ सेव्ह, २२ शेअर आणि रीच १,१५०. मग १९५ भागिले १,१५०, म्हणजे १७ टक्के. त्याच पोस्टचा फॉलोअर्सवर काढलेला, फक्त लाइक्स-कमेंट्सचा रेट होता ३.४. दोन्ही बरोबर आहेत, पण एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत. एखादी एजन्सी «आमच्या इन्फ्लुएन्सरचा रेट १५ टक्के» म्हणते तेव्हा पहिला प्रश्न विचारा: कशाने भागलंय?

रीलला तर हा प्रश्न विचारल्याशिवाय चालतच नाही. रील फॉलोअर्स नसलेल्यांपर्यंत फार जाते. समजा एखादी ३८,००० लोकांपर्यंत गेली आणि ९०० जणांनी काही ना काही केलं. फॉलोअर्सने भागलं तर २१ टक्के, रीचने भागलं तर २.४. एकाच रीलने तुम्ही विक्रमही केलात आणि नेहमीपेक्षा मागेही पडलात. प्रत्यक्षात घडलं एवढंच की अनोळखी गर्दीत गेलात आणि अनोळखी माणसं ओळखीच्यांपेक्षा कमी बोलतात. म्हणून रील आणि फोटोपोस्ट एका यादीत कालवत नाही. दुसऱ्यांच्या रील ताडायच्या तर व्ह्यूज उघड दिसतात, त्यांनी भागा, मात्र व्ह्यूज म्हणजे माणसं नव्हेत. एकीने चारदा पाहिली तर ते चार व्ह्यूज.

आता त्या मोठ्या ताई. फॉलोअर्स वाढत जातात तसा टक्का साधारण घसरतो. त्यात त्यांचं काही चुकत नसतं. मोठ्या खात्याकडे वर्षानुवर्षं जमलेले लोक असतात, त्यातले कित्येक अ‍ॅप क्वचित उघडतात, कित्येकांनी कधीतरी एक रील आवडली म्हणून फॉलो केलेलं असतं आणि त्यांना आता पोस्ट दाखवलीही जात नाही. तरी भागाकारात ते सगळे खाली बसलेले असतात. विराट कोहलीचे फॉलोअर्स २५ कोटींच्या वर आहेत. त्याच्या पोस्टला २५ लाख लाइक्स आले तर तो १ टक्काही भरत नाही. उलट टोकाला, ३०० फॉलोअर्सचं नवं खातं घ्या. मावश्या, माम्या, सोसायटीचा ग्रुप मिळून ३० लाइक्स झाले की १० टक्के. विराटपेक्षा दहापट «एंगेजिंग» असलेल्या त्या खात्यावरून महिन्याला दोन पिशव्या कोकम विकलं जातं.

तेव्हा ताडायचं ते आपल्या मापाच्या खात्यांशी. मी मर्यादा अशी ठेवते: आपल्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत फॉलोअर्स, म्हणजे तुमच्यासाठी २,१०० ते ८,४००. विषय तोच, भाषा तीच आणि तेही काहीतरी विकणारेच. नुसत्या पाककृती टाकणाऱ्या खात्याला लाइक द्यायला हात पटकन जातो, «५०० ग्रॅम, २४० रुपये» लिहिलेल्या फोटोला जात नाही. ज्यांनी लाइक्सचा आकडा लपवलाय ते वगळावे लागतात. अशी आठ-दहा खाती शोधायला एक संध्याकाळ जाते. तुमचे ग्राहक आणखी कोणाला फॉलो करतात, तिथून सुरुवात करा.

आपल्या उदाहरणातल्या बाईंना अशी आठ खाती मिळाली. त्याच काळातल्या फोटोपोस्ट घेऊन, त्याच पद्धतीने, त्यांचे रेट काढले: १.४, १.९, २.१, २.४, २.६, ३.१, ३.३, ४.८. मधला २.५. बाईंचा २.९. म्हणजे मधल्याच्या किंचित वर, आठातल्या पाचांच्या पुढे. या उत्तरात नाट्य नाही, पण त्यावर काम करता येतं. २.९ आणि ३.१ मधल्या फरकावर मात्र झोप उडवू नका. एखादी पोस्ट इकडची तिकडे झाली तरी तो मिटतो.

बघण्यासारखं खातं ४.८ वालं. अशा ठिकाणी मी आकडे बाजूला ठेवून कमेंट्स उघडते. प्रत्येक पोस्टखाली तीच पंधरा खाती, पोस्ट पडल्यापासून काही मिनिटांत, «वाह», «सुंदर», तीन बदाम, तर तो परस्पर कौतुकाचा गट आहे. सगळे एकमेकांच्या पोस्टवर हजेरी लावतात. ते खातं यादीतून काढा. पण इथे तसं नव्हतं. त्यांनी कुळथाच्या पिठाच्या फोटोवर किंमत न लिहिता विचारलं होतं, «तुमच्याकडे पिठल्यात कोकम घालतात की चिंच?» खाली रत्नागिरी आणि घाटमाथा अक्षरशः भांडत होते. किंमत दुसऱ्या स्लाइडवर. हे उचलण्यासारखं आहे आणि ते सापडलं चार हजारांच्या खात्यावर. २५ लाखवाल्या ताईंनी हाच प्रश्न टाकला तर हजारो कमेंट्स येतील, पण त्या प्रश्नामुळे आल्या की ताईंमुळे, हे वेगळं काढता येणार नाही.

हाच हिशोब तिमाहीला एकदा पुन्हा करा, तीच खाती आणि तीच पद्धत ठेवून. दिवाळीच्या महिन्याची तुलना जूनशी करू नका. आणि एखादा ब्रँड तुमचा रेट विचारेल तेव्हा नुसतं «२.९» लिहून पाठवू नका. «गेल्या तीन महिन्यांतल्या १२ फोटोपोस्ट, स्पर्धा आणि कोलॅब धरूनही मधला आकडा, लाइक्स आणि कमेंट्स, फॉलोअर्सवर» एवढी ओळ जोडा. समोरच्याला हिशोब कळत असेल तर पुढचा प्रश्न तो रीचचा विचारेल, त्यासाठी इनसाइट्सचे स्क्रीनशॉट तयार ठेवा.