"घरच्यासारखं समजा" आणि पीएफचा कोड

ही 2023 च्या दिवाळीआधीची गोष्ट. पुण्यात तपकीर गल्लीजवळ इलेक्ट्रिकल मालाचे एक घाऊक व्यापारी आहेत, त्यांच्याकडे अकाउंटंटची जागा होती. वडील, दोन मुलं, मोठ्या वहिनी, सगळे गल्ल्याच्या आसपास. शेठ म्हणाले, "अठ्ठावीस देऊ, पीएफ वगैरे सगळं धरून. घरच्यासारखं समजा." चहाही घरून आला होता, आलं घातलेला.

"धरून" या शब्दावर मी अडकले. घरी येऊन वहीत मांडून पाहिलं. बेसिक 15,000 धरलं तर माझा 12 टक्के वाटा 1,800, मालकाचा वाटाही 1,800. फक्त माझा वाटा आणि 200 रुपये व्यवसायकर कापला तर हातात 26,000 येतात. दोन्ही वाटे माझ्याच अठ्ठावीसमधून गेले तर 24,200. वर्षाला 21,600 चा फरक, आणि तोंडी बोलताना आकडा दोन्ही वेळा तोच, अठ्ठावीस! ठरलेल्या पगारातून मालकाचा वाटा कापायला कायद्याने मनाई आहे, पण पगार ठरवतानाच तो आत धरला तर नंतर भांडायला फारसं काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन एक एलईडी बल्ब घेतला आणि पक्कं बिल मागितलं. पाटीवर "अँड सन्स" होतं, बिलावर भलतंच नाव. म्हणजे एका काउंटरवर दोन फर्म. पीएफच्या सरकारी वेबसाइटवर Establishment Search मध्ये कोणालाही लॉगिन न करता आस्थापनाचं नाव टाकून शोधता येतं. पाटीवरच्या नावाला कोड सापडला नाही. बिलावरच्या नावाला सापडला. तिथे दर महिन्याचा भरणा, तारीख आणि माणसांची संख्या दिसते. संख्या होती 9. गोडाऊन आणि टेम्पोवाले धरून मी 21 माणसं मोजली होती. शिवाय पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे पैसे तीन-तीन महिन्यांचे एकदम भरलेले.

नऊ दिसले म्हणजे लबाडीच, असं लगेच म्हणता येत नाही. पीएफ 20 माणसांपासून सक्तीचा होतो, त्याखाली कोणी स्वखुशीने घेतो, आणि एकदा लागू झाला की माणसं कमी झाली तरी सुटत नाही. म्हणून मी आरोप न करता एवढंच विचारलं, "शेठ, मी त्या नऊंमध्ये असणार की बाहेर?"

ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "तुमचं बेसिक आम्ही पंधराच्या वर दाखवू, मग तुम्हाला लागतच नाही." हे नव्या माणसाला खरं ठरू शकतं. माझं आधीच्या नोकरीचं खातं चालू होतं, यूएएन हा पीएफचा कायमचा नंबरही होता, आणि आधीपासूनच्या सभासदाला असं वगळता येत नाही. धाकट्याने समोरच सीएंना फोन लावला. सीए बहुतेक माझ्याच बाजूने बोलले, कारण फोन ठेवून तो म्हणाला, "बरं, घेऊ."

सुट्टीचं विचारलं तर शेठ हसले. "हवी तेव्हा घ्या, मोजतंय कोण?" खाली गोडाऊनमध्ये स्टॉक बघायच्या निमित्ताने गेले, तर तिथले काका म्हणाले, "मोजतात की ताई. महिन्याच्या शेवटी मोजतात." सव्वीसने भागून कापतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे माझ्या 26,000 वर एका दिवसाचे हजार रुपये. तीसने भागले असते तर 867. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानाला तेव्हा वर्षाला 8 किरकोळ रजा आणि सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या देणं बंधनकारक होतं. 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा वेगळी. मी सगळं मागत बसले नाही. 8 किरकोळ रजा न कापता मिळतील, एवढं पक्कं केलं. बाकीच्यावर भांडले असते तर नोकरीच गेली असती, आणि मला ती हवी होती.

नेमणूकपत्र मागितल्यावर वहिनींना जरा लागलं. "आमच्याकडे कोणालाच दिलं नाही." मग त्याच संध्याकाळी मी धाकट्याला मेल केला: रुजू होण्याची तारीख 1 नोव्हेंबर, हातात 26,000, मालकाचा पीएफ वेगळा, वर्षाला 8 किरकोळ रजा, बरोबर ना? उत्तर आलं, "येस."

हे एका शब्दाचं उत्तर फेब्रुवारीत कामी आलं. पीएफच्या पासबुकात माझा नोव्हेंबर गायबच होता, रुजू तारीख 1 डिसेंबर पडलेली. शेठ म्हणाले, "पहिला महिना आपण ट्रायल धरतो." मी मेलची प्रिंट पुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा वर करून दोनदा वाचली आणि धाकट्याला हाक मारली. तारीख दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर आमच्या दोघांच्या सह्या झाल्या. नोव्हेंबरचे पैसे एप्रिलमध्ये जमा झाले.

परवा गोडाऊनमधल्या काकांनी मला त्यांचं नाव त्या नऊंमध्ये आहे का, ते बघायला सांगितलं. साइटवर फक्त संख्या दिसत होती. यूएएन मिळालाय का विचारलं, तर म्हणाले, "ते काय असतं?"