ओठाच्या कडेवरचा फोड: एका फोटोवर घालवलेल्या दोन रात्री

माझ्या मावसबहिणीचा फोटो काढला त्या दिवशी तिचा ताप नुकताच उतरला होता, आणि खालच्या ओठाच्या डाव्या कडेला कोल्ड सोर आला होता. अर्धा ओठावर, अर्धा त्वचेवर. वर पिवळट तपकिरी खपली, तिच्याभोवती लाली, आणि हनुवटीकडे उतरत गेलेली बारीक पुरळ. असा फोड आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, पण फोटो तिला लगेच हवा होता. ती म्हणाली, "दादा, एवढं तेवढं कमी कर. पण माझा तीळ काढू नकोस, आणि त्या गुळगुळीत बाहुल्यांसारखा चेहरा करू नकोस."

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. फोटोशॉपमध्ये स्पॉट हीलिंग ब्रश घेतला, फोडावर फिरवला, फोड गायब. तिला पाठवला. उत्तर आलं, "हा ओठ कोणाचा आहे?"

मोठा करून पाहिल्यावर कळलं. ओठ आणि त्वचा यांच्यामधली जी रेघ असते, ती फोडाच्या जागी विरघळली होती. ओठाचा रंग खाली ओघळल्यासारखा दिसत होता आणि त्वचेचा रंग वर चढला होता. जणू कोणी लिपस्टिक बोटाने पुसली आहे. कारण हीलिंगच्या ब्रशच्या कामाच्या पद्धतीतच आहे. तो दुसरीकडून पोत आणतो, पण रंग आणि उजेड मात्र जिथे रंगवतो आहोत त्या जागेच्या भोवतालावरून ठरवतो. गालाच्या मधोमध पुटकुळी असेल तर चहूबाजूंना त्वचाच असते, म्हणून ते बेमालूम जमतं. इथे एका बाजूला ओठ, एका बाजूला त्वचा, आणि दोन्हींवर लाली. त्याने सगळ्यांचा मिळून एक गढूळ रंग केला.

मग मूळ फाइल पुन्हा उघडली, १६ बिटमध्ये, आणि आधी नुसतं पाहत बसलो. तो एक फोड दिसत असला तरी त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या. लाली हा रंगाचा प्रश्न. सूज हा उजेडाचा प्रश्न, कारण फुगवट्याच्या वरच्या अंगाला चमक आणि खाली बारीक सावली पडलेली. आणि खपली हा पोताचा प्रश्न. तिन्ही एकाच ब्रशने मारायला गेलो, म्हणून फसलो. पुरळीत तर फक्त पहिलाच प्रश्न होता. तिथली रोमछिद्रं जागच्या जागी होती, नुसता रंग चढला होता. तिथे हीलिंग लावायचं काहीच कारण नव्हतं.

लाली नेमकी कुठपर्यंत आहे हे डोळ्यांना नीट कळत नाही. त्यासाठी वर एक तात्पुरता Black & White लेयर टाकला आणि त्यातला Reds चा स्लायडर बराच खाली ओढला. लाल भाग काळा पडला आणि लालीचा खरा नकाशा समोर आला. फोड जेमतेम ४० पिक्सेल रुंद होता, पण लाली जवळपास ११० पिक्सेलपर्यंत पसरलेली होती आणि हनुवटीकडे तिचं एक शेपूट गेलं होतं. पहिल्या प्रयत्नात मी फक्त फोड घालवला होता, लालीचं वर्तुळ तसंच राहिलं होतं. काहीतरी पुसलंय हे त्यावरूनच कोणालाही कळलं असतं.

आता रंग. आयड्रॉपरच्या जोडीतलं Color Sampler घेऊन, नमुन्याचा आकार ११ × ११ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून, दोन खुणा केल्या. एक लालीवर आणि दुसरी तिच्याजवळच्या निरोगी त्वचेवर, दोन्हीकडे उजेड सारखा पडला आहे हे बघून. Info च्या चौकटीत आकडे Lab या रंगपद्धतीत वाचले. निरोगी त्वचेचा a होता १४, लालीचा २७. a म्हणजे हिरव्याकडून लालकडे जाणारा अक्ष. आकडा जितका मोठा तितका लालसरपणा जास्त. b, म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा अक्ष, त्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे त्वचा निळसर झालेली नव्हती, पिवळी पडलेली नव्हती, फक्त लाल झाली होती. औषध कशावर द्यायचं ते ठरलं.

Hue/Saturation चा लेयर टाकला, यादीतून Reds निवडला. Hue ९ ने पुढे, म्हणजे नारिंगीकडे नेला, आणि Saturation १२ ने कमी केलं. इथे माझ्याकडून आधी उलटं झालं होतं: Hue ला हात न लावता नुसतं Saturation ४० ने उतरवलं. लाली गेली, पण जागा राखेसारखी झाली. जिवंत त्वचेत लाल असतोच. तो काढून टाकला की माणूस आजारी दिसतो, आणि आपण आजारपणच लपवायला बसलेलो असतो.

लेयरचा मास्क काळा केला, म्हणजे त्याचा परिणाम सगळीकडे झाकला गेला आणि पांढरं भरेन तिथेच दिसणार होता. मग मऊ ब्रशने, Flow १० टक्के ठेवून, लालीच्या नकाशावर हळूहळू पांढरं भरत गेलो. पुरळीच्या ठिपक्यांवर तर ब्रशचा आकार ठिपक्याएवढाच ठेवला. ओठावरच्या भागासाठी हा लेयर चालणार नव्हता, कारण ओठ मुळातच लाल. त्याच्यासाठी वेगळा लेयर, आणि नमुना त्याच ओठावरचा, फोडापासून थोडं पुढे. त्वचेचा a १७ वर आला तेव्हा थांबलो. १४ वर नेता आला असता, पण ओठाच्या कडेशी थोडी लाली सगळ्यांनाच असते.

खपलीसाठी मूळ फोटोच्या लगेच वर एक रिकामा लेयर घेतला, म्हणजे रंगाच्या दोन्ही लेयरांच्या खाली. हीलिंग ब्रशचा Sample पर्याय Current & Below वर. लेयर खालीच का, तर वर घेतला असता तर रंगाची दुरुस्तीही त्यात छापली गेली असती आणि नंतर रंग बदलावासा वाटला तर हा तुकडा ठिगळासारखा उठून दिसला असता. खाली ठेवल्यावर खपलीची जागा आधी भोवतालच्या लालीसारखी होते, आणि ती लाली वरचा लेयर शमवतो.

आणि ती कड? त्यावर उपाय सापडला तो इतका साधा की पहिल्या रात्रीच सुचायला हवा होता. हीलिंग ब्रशने रंगवण्याआधी सिलेक्शन करायचं. पेन टूलने ओठाची कड काढली. फोडाखाली ती दिसत नव्हती, म्हणून डावीकडून आणि उजवीकडून येणाऱ्या रेषा जोडत नेली. मग फक्त त्वचेच्या बाजूचं सिलेक्शन घेतलं, फोडापेक्षा बरंच मोठं, पण कडेशी मात्र काटेकोर. सिलेक्शन असलं की ब्रश बाहेरचा रंग आत ओढत नाही. Alt दाबून हनुवटीच्या वरची, त्याच उजेडातली त्वचा उचलली आणि खपलीचा खालचा अर्धा भाग भरला. ब्रश बऱ्यापैकी कडक ठेवला, Hardness ८५, कारण मऊ ब्रशच्या कडेला पोत पातळ होतो आणि तिथे धुरकट वलय उरतं.

मग सिलेक्शन उलटं करून ओठाचा अर्धा भाग. इथे वेगळाच पेच होता. ओठावर रोमछिद्रं नसतात, उभ्या बारीक रेघा असतात, आणि कोपऱ्याकडे त्या तिरक्या होत जातात. मधल्या भागातून उचललेल्या रेघा तिथे सरळ उभ्या राहिल्या आणि ओठ शिवल्यासारखा दिसू लागला. Clone Source च्या चौकटीत कोन १२ अंशांनी फिरवला, तेव्हा रेघा जुळल्या. त्याआधी उजवी बाजू आरशासारखी उलटवून डावीकडे आणायचा मोहही झाला होता. करून पाहिलं. उजेड उजवीकडून येत होता, म्हणून चमक चुकीच्या जागी आली. ते लगेच पुसलं.

सूज उरली. दोन Curves लेयर, एक उजळ करणारा आणि एक गडद करणारा, दोघांचे मास्क काळे, आणि ब्लेंड मोड Luminosity. नाहीतर गडद करताना रंगही भडकतो. Flow ३ टक्के. फुगवट्यावरची चमक थोडी दाबली, खालची सावली थोडी उचलली. इथे मी मुद्दाम अर्ध्यावर थांबलो. फोडाने ओठाची बाह्यरेषाच किंचित फुगवली होती, आणि ती सपाट करायची तर आकाराला हात लावावा लागला असता. तिने तेवढं मागितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्रीचं शेवटचं काम म्हणजे झडती. बाकीची त्वचा खरंच जशीच्या तशी राहिली आहे का? मूळ फोटोची प्रत सगळ्यांत वर ठेवली आणि तिचा ब्लेंड मोड Difference केला. जिथे काहीच बदललं नाही तिथे शुद्ध काळं दिसतं. वरवर सगळं काळंच होतं. मग त्याच्यावर Levels टाकून पांढऱ्याचा बाण २५५ वरून २० वर आणला, म्हणजे अगदी पुसटसा फरकही उजळून दिसेल. आणि चोरी सापडली. फोडाचा ठिपका अपेक्षित होता, पण मऊ ब्रशचं धुकं हनुवटीच्या टोकापर्यंत सांडलं होतं, आणि वरच्या ओठाजवळच्या तिळाची एक कड फिकी झाली होती. तिथे मी कधी ब्रश नेला हे मला आजही आठवत नाही. मास्कवर तेवढ्या जागा काळ्या केल्या, पुन्हा पाहिलं, आता फक्त फोड आणि पुरळीचे ठिपके चमकत होते. दोन्ही तपासणीचे लेयर काढून टाकले.

सकाळी ताज्या डोळ्यांनी पाहिल्यावर ओठाचा तुकडा जरा जास्तच स्वच्छ वाटला. हीलिंगच्या लेयरची अपारदर्शकता कमी करून पाहिली, पण अर्धी खपली पारदर्शक होऊन भुतासारखी डोकावू लागली. ती परत १०० वर नेली, आणि त्याऐवजी ओठावरच्या रंगाच्या लेयरची ८० वर आणली. खपली नाही, पण त्या जागी जरासा लालसरपणा आहे. फोड बरा होत आल्यावर तीन-चार दिवसांनी दिसला असता, तितपत.

फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग तिचा फोन आला. म्हणाली, "तीळ आहे ना, बघितला मी आधी." फोडाबद्दल काही बोललीच नाही, म्हणून शेवटी मीच विचारलं. "कुठला फोड?" म्हणाली, आणि हसली. मग जरा थांबून, "थोडं लाल राहिलंय ना रे तिथे?" मी म्हटलं, हो, ठेवलंय. "असू दे," म्हणाली.