एका /24 मध्ये अख्खं हॉस्पिटल बसवताना

इंदूरमधल्या एका खासगी हॉस्पिटलचं नेटवर्क मी सांभाळतो. एक जुनी इमारत, गल्ली ओलांडली की नवी, आणि मुख्य कार्यालय पुण्यात. नवी इमारत सुरू व्हायच्या सुमारास पुण्याहून कळवण्यात आलं की इंदूरला `10.24.8.0/24` हा पट्टा मिळेल आणि सगळं त्यातच बसवायचं. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिली २४ नेटवर्कची, उरलेल्या ८ मध्ये एकूण २५६ पत्ते. तोवर आमच्याकडे कॅमेरे, बिलिंग, लॅबची मशीन सगळी एकाच नेटवर्कमध्ये नांदत होती. ऑडिटवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं होतं, तेव्हा विभागवार तुकडे पाडणं भागच होतं.

मोजदाद केली. वॉर्ड आणि नर्सिंग स्टेशन मिळून ९२ यंत्रं, कॅमेरे ४६, लॅबमध्ये २१, हिशेब विभागात ११. शिवाय दोन इमारतींच्या राउटरांना जोडणारी लिंक, तिला दोनच पत्ते पुरतात. प्रत्येक विभागाला गेटवेचा एक पत्ता धरला तरी एकूण गरज १७६. जागा २५६. कागदावर तर आरामात बसायला हवं.

आमच्याकडे रामबागेतले एक ज्येष्ठ सहकारी आहेत, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. त्यांचं शिक्षण क्लासच्या जमान्यातलं. आकडा बघताच म्हणाले, "अरे, दहाने सुरू होतो ना? मग हा क्लास ए. मास्क `255.0.0.0`. हा चोवीस कुठून आला?"

काकांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं बरोबरच होतं. १९८१ साली आयपीचं जे स्वरूप ठरलं, त्यात मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, वेगळा सांगावाच लागत नसे, तो पत्त्याच्या पहिल्या बिटांवरूनच ओळखला जाई. पहिलं बिट शून्य असेल तर क्लास ए, नेटवर्कचा भाग ८ बिटांचा. पहिली दोन बिटं एक-शून्य असतील तर बी, १६ बिट. पहिली तीन एक-एक-शून्य असतील तर सी, २४ बिट. मापं तीनच, आणि त्यांच्यातलं अंतर अवाढव्य. सी मध्ये २५४ यंत्रं मावत, बी मध्ये थेट ६५,५३४. तीनशे संगणकांच्या संस्थेला सी अपुरा पडे आणि बी घेतला तर हजारो पत्ते पडून राहत. बी संपत चालले, तेव्हा १९९३ मध्ये ही क्लासची पद्धतच मोडीत काढून सीआयडीआर आणलं. तेव्हापासून पत्त्यासोबत त्याचा मास्क लिहायचा, आणि नेटवर्क कुठे संपतं हे फक्त मास्कने ठरतं. `10.24.8.0/24` चा पहिला आकडा दहा आहे याला मास्क ठरवताना आता काही अर्थ उरलेला नाही.

काकांना हे पटलं, पण त्यांची पुढची सूचनाही त्याच वळणाची होती: पाच नेटवर्क हवीत, तर सारखे तुकडे करू. आता सारखे तुकडे दोन, चार, आठ असेच पडतात. पाचासाठी आठ करावे लागतात. प्रत्येकात ३२ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा म्हणून जातो, उरतात ३०. वॉर्डांची ९२ यंत्रं तिथे मावत नाहीत, आणि लिंकपाशी मात्र २८ पत्ते वाया. चार तुकडे केले तर प्रत्येकी ६२, वॉर्ड तरीही बाहेर, शिवाय पाचव्याला जागाच नाही. दोन केले तर वॉर्ड बसतात आणि बाकीचे चौघे एका तुकड्यात कोंबले जातात. एकच मास्क सगळीकडे लावायचा म्हटलं, की १७६ चं कुटुंब २५६ च्या घरात मावत नाही.

म्हणून प्रत्येक विभागाला त्याच्या मापाचा मास्क. यालाच व्हीएलएसएम म्हणतात. पद्धत सोपी आहे, पण क्रम सोडायचा नाही: सगळ्यात मोठा विभाग आधी. प्रत्येकासाठी ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या मापांतली लहानात लहान पुरेशी जागा शोधायची. वॉर्ड ९३ (गेटवे धरून), म्हणून १२८ ची जागा. कॅमेरे ४७, म्हणून ६४. लॅब २२, म्हणून ३२. हिशेब १२, म्हणून १६. लिंकला ४.

```
10.24.8.0/25     वॉर्ड     0-127
10.24.8.128/26   कॅमेरे    128-191
10.24.8.192/27   लॅब      192-223
10.24.8.224/28   हिशेब    224-239
10.24.8.240/30   लिंक     240-243
```

मोठ्यापासून सुरुवात का, तर ६४ चा तुकडा ६४ च्या पटीतल्या आकड्यावरच सुरू होऊ शकतो, ३२ चा ३२ च्या पटीवर. मास्क म्हणजे डावीकडून सलग एक, मग सलग शून्य. नेटवर्कच्या पहिल्या पत्त्यात ही शून्यांची जागा रिकामी असावीच लागते. उतरत्या क्रमाने मांडत गेलं की प्रत्येक तुकडा आपोआप योग्य आकड्यावर येतो. लिंक आधी ० ते ३ वर टाकली असती तर वॉर्डांचा १२८ चा तुकडा थेट १२८ वरच सुरू करावा लागला असता आणि खालच्या भागात बाकीचे जमवताना मध्ये भोकं राहिली असती.

बदल रात्री केला. (परतताना सराफा उघडा असतो, हा इंदुरी नेटवर्कवाल्यांचा एकमेव भत्ता.) संगणकांना डीएचसीपीने नवे पत्ते मिळाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते लॅबच्या एका ॲनालायझरपाशी. त्याला पत्ता हाताने दिलेला असतो, आणि कंपनीच्या माणसाने पत्ता नवा टाकून मास्क जुनाच `255.255.255.0` ठेवला होता. गंमत अशी की ॲनालायझर पुण्याच्या सर्व्हरला व्यवस्थित रिपोर्ट पाठवत होता, पण पन्नास पावलांवरच्या वॉर्डातल्या संगणकाशी त्याचं बोलणं होईना. लांबचं पोहोचतं आणि जवळचं नाही, ही चुकीच्या मास्कची हमखास खूण. जुन्या मास्कमुळे त्याला वॉर्डातला `10.24.8.10` आपल्याच नेटवर्कमध्ये वाटतो, म्हणून तो गेटवेकडे न जाता एआरपीने, म्हणजे "हा पत्ता कुणाचा?" असं आपल्याच नेटवर्कमध्ये विचारून, थेट हाक मारतो. तो संगणक त्या नेटवर्कमध्ये नाहीच, ओ कोण देणार? पुण्याचा पत्ता मात्र त्याला परका दिसतो, तो गेटवेकडे जातो आणि पोहोचतो.

याहून फसवी अवस्था तेव्हा येते, जेव्हा राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असतं. मग राउटर स्वतःच "मीच तो" म्हणून ओ देतो, सगळं चालतं, आणि चुकीचा मास्क वर्षानुवर्षं लपून राहतो. आम्ही ते बंद ठेवलं होतं म्हणून पहिल्याच रात्री सापडलं. चालू असेल तर विंडोज संगणकावर `arp -a` लावून बघावं. वेगवेगळ्या विभागांच्या आयपींसमोर एकच मॅक पत्ता दिसला, की समजावं त्या संगणकाचा मास्क तपासायला हवा.

दुसरी अडचण राउटरांची. राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्यासाठी दोन इमारतींमध्ये आणि पुण्याकडे जुनं आरआयपी चालू होतं. लिंकवर पिंग जात होतं, पण नव्या इमारतीतल्या राउटरला लॅब आणि हिशेब यांचे मार्गच दिसत नव्हते. `show ip protocols` ने कारण सांगितलं:

```
Default version control: send version 1, receive any version
```

आरआयपीची पहिली आवृत्ती क्लासच्या काळातली. ती मार्ग सांगते, पण मास्क सांगत नाही. ज्या इंटरफेसवर `/30` लावलाय, तिथून ती त्याच मोठ्या नेटवर्कचे `/27` आणि `/28` पाठवतच नाही, कारण पलीकडच्याला ते कळवायची सोयच तिच्यात नाही. दोन्ही राउटरांवर एवढं लिहिलं:

```
router rip
 version 2
 no auto-summary
```

शेवटची ओळ विसरली जाते, आणि तीच महागात पडते. पुण्याची लिंक `172.16` च्या पट्ट्यातली आहे. ती ओळ नसेल तर त्या सीमेवर राउटर पुन्हा क्लासच्या सवयीवर जातो आणि पुण्याला सांगतो की अख्खं `10.0.0.0/8` इंदूरला आहे. दुसऱ्या शाखेचा राउटरही तेच सांगणार. मग पुण्याने कुणाचं ऐकायचं? काही पॅकेट इकडे, काही तिकडे. काका हे ऐकून हसले, "म्हणजे क्लास गेले नाहीत, यंत्राच्या पोटात आहेत अजून."

महिनाभरात औषधांच्या दुकानाने वेगळं नेटवर्क मागितलं. पाच संगणक आणि गेटवे, म्हणजे सहा. आठचा तुकडा, `/29`, अगदी काठोकाठ. लिंकनंतर २४४ पासून बारा पत्ते मोकळे होतेच, म्हणून आमच्या नव्या मुलाने `10.24.8.245` वर `/29` टाकला. राउटरने नकार दिला:

```
% 10.24.8.240 overlaps with GigabitEthernet0/1
```

तो म्हणाला, "सर, मी तर २४० ला हातही लावला नाही." लावला नव्हता, पण आठचा तुकडा आठच्या पटीवरच सुरू होतो. २४५ मास्कखाली धरला की नेटवर्क २४० ते २४७ असं निघतं, आणि त्यात लिंक आधीच बसलेली. दुकानाला २४८ ते २५५ दिले, आणि २४४ ते २४७ एवढाच चार पत्त्यांचा तुकडा उरला.

त्यामुळे रक्तपेढीने चाळीस यंत्रांसाठी जागा मागितली तेव्हा देण्यासारखं काही नव्हतं. वॉर्डांच्या तुकड्यात ३३ पत्ते मोकळे आहेत, पण ते त्यांच्या `/25` च्या पोटातले. बाहेर काढायचे तर वॉर्डांचाच मास्क बदलायला हवा, आणि ९३ काही ६२ मध्ये जात नाहीत. पुण्याकडे नवा पट्टा मागितला. त्यांनी कुठलाही देऊ केला असता, पण मी मुद्दाम `10.24.9.0/24` मागून घेतला. आठ आणि नऊ फक्त शेवटच्या बिटात वेगळे आहेत, म्हणून दोघांचं मिळून `10.24.8.0/23` होतं. सात आणि आठ शेजारी असूनही असे जुळत नाहीत. पुण्याकडच्या इंटरफेसवर आधी `/24` चा एकच गोषवारा जात होता, त्याच्या जागी आता हे जातं:

```
ip summary-address rip 10.24.8.0 255.255.254.0
```

इंदूरमध्ये आता सहा वेगवेगळ्या मापांची सात नेटवर्क आहेत, रक्तपेढी `10.24.9.0/26` वर, आणि पुण्याच्या राउटरच्या तक्त्यात आमची अजूनही एकच ओळ आहे.