गिफ्ट कार्डात उरलेले पैसे

गेल्या वर्षी एका कपड्यांच्या साखळी दुकानांचं ऑडिट माझ्याकडे होतं. वर्षभरात त्यांनी दुकानांतून एक कोटीची गिफ्ट कार्डं विकली होती. ३१ मार्चपर्यंत त्यातली ४५ लाखांची खरेदी झाली होती. विकलेल्या कार्डांपैकी १८ टक्के रक्कम कधीच खर्च होणार नाही असं धरून कंपनीने १८ लाख उत्पन्नात घेतले होते.

"मॅडम, ही कार्डं आता कोण घेऊन येणार?" अकाउंट्स मॅनेजर म्हणाले. १८ टक्के कुठून आले, हे मी विचारलं. आदल्या वर्षी विकलेल्या कार्डांत ३१ मार्चला एवढी रक्कम शिल्लक होती. पण त्यातली बरीच कार्डं दिवाळीत विकलेली, मुदत एक वर्षाची. ग्राहकाच्या हातात अजून सहा-सात महिने होते!

मग मी मुदत पूर्ण संपलेली कार्डंच घेतली आणि विक्रीच्या महिन्याप्रमाणे लावली. मुदतीअखेर १२ टक्के रक्कम शिल्लक दिसली. इथेच थांबले असते तर चुकले असते. विक्रीच्या यादीत काही कार्डं शून्य रुपयांना दिलेली होती. चौकशी केल्यावर कळलं, की मुदत संपलेलं कार्ड घेऊन ग्राहक आला की कस्टमर केअर त्याला तेवढ्याच रकमेचं नवीन कार्ड देतं. जुनं कार्ड सिस्टीममध्ये 'न वापरलेलं' राहतं, पैसे मात्र खर्च होतात. नवीन कार्डांवरची खरेदी जुन्या नंबरांशी जोडल्यावर १२ चे १० टक्के झाले. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लेजर आणि कार्ड सिस्टीमची शिल्लक पैशापर्यंत जुळली तरी ही गोष्ट त्यात दिसत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. इंड एएस ११५ या लेखा मानकानुसार कधीच खर्च न होणारी रक्कम विक्रीच्या दिवशीच उत्पन्नात घेता येत नाही. ग्राहक जसजसे कार्ड वापरतात, त्या प्रमाणात घ्यायची. एक कोटीपैकी ९० लाख वापरले जाणार, ४५ लाख वापरले गेले, म्हणजे निम्मे. म्हणून न वापरल्या जाणाऱ्या १० लाखांपैकी निम्मेच, ५ लाख, यंदाचं उत्पन्न. एक कोटीतून ४५ आणि ५ वजा केले की देणं ५० लाख उरतं. कंपनीच्या ताळेबंदात ते ३७ लाख होतं.

सीएफओंनी आधी विरोध केला, पण शून्य रुपयांच्या कार्डांची यादी पाहिल्यावर १३ लाखांची दुरुस्तीची नोंद केली. ऑनलाइन ई-गिफ्ट कार्डं मात्र नुकतीच सुरू झालेली. त्यांच्या एकाही महिन्याची मुदत संपलेली नव्हती आणि दुकानातल्या कार्डांचा दर त्यांना लावायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. त्यांची न वापरलेली सगळी रक्कम आम्ही देणं म्हणूनच ठेवली.