ब्लेंडरमधला रायबोसोम: prfB चा २६वा कोडॉन

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरात मी करतोय ते ट्रान्सलेशनचं, म्हणजे रायबोसोम एमआरएनएचा संदेश तीन-तीन अक्षरांच्या कोडॉनांनी वाचून प्रथिन बनवतो त्याचं, अ‍ॅनिमेशन स्टॉप कोडॉनपर्यंत, म्हणजे साखळी संपवायच्या खुणेपर्यंत आलं. नमुना म्हणून ई. कोलाय या जिवाणूचं prfB जनुक घेतलंय. त्यातून आरएफ-२ बनतं, म्हणजे UGA आणि UAA या स्टॉप कोडॉनांवर तयार साखळी सोडवणारं प्रथिन. गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या एमआरएनएत २६व्या जागी UGA बसलाय.

सुरुवात ल्युसीन हे अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या टीआरएनएपासून. सिंथेटेज हे विकर एटीपी खर्चून आधी ल्युसीनला एएमपी जोडतं, मग ते टीआरएनएच्या CCA टोकावर चढवतं. त्याच्या हाती अधूनमधून ल्युसीनसारखंच दिसणारं नॉरव्हॅलिनही लागतं. ते तोडून टाकायला सिंथेटेजमध्येच वेगळा कप्पा आहे आणि CCA टोक तिकडे वळतं. ही वळण्याची हालचाल मी मुद्दाम सावकाश ठेवलीय. पुढे रायबोसोम तपासतो तो मुख्यतः अँटिकोडॉन, म्हणजे टीआरएनएची कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं, टोकाला काय लटकलंय हे नव्हे.

आरंभाचा शॉट छोटाच: रायबोसोमच्या लहान उपघटकातला १६एस आरएनए संदेशावरच्या शाइन-डालगार्नो या आरंभखुणेच्या क्रमाशी जुळतो, फॉर्मिल-मेथिओनीनचा टीआरएनए AUG या आरंभ कोडॉनवर, साखळी धरून ठेवणाऱ्या पी जागेत बसतो, मोठा उपघटक वरून येतो. मग ईएफ-टीयू हे मदतनीस प्रथिन एकेक टीआरएनए शेजारच्या ए जागेत आणतं, जोडी जमली की जीटीपी फुटतो, अमिनो आम्लांमधला बंध मोठ्या उपघटकातला २३एस आरएनए घडवतो आणि ईएफ-जी हे दुसरं मदतनीस प्रथिन सगळं तीन अक्षरं पुढे सरकवतं.

खरं काम prfB च्या संदेशातल्या या तुकड्यावर होतं, त्यातला UGA हाच २६वा कोडॉन:

```
AGG GGG UAU CUU UGA C
```

पी जागेत CUU वर ल्युसीनचा टीआरएनए, ए जागेत UGA. आरएफ-२ मुबलक असेल तर ते लगेच येतं आणि २५ अमिनो आम्लांची साखळी सुटते. ते कमी असेल तर रायबोसोम ताटकळतो. त्यात मागचा AGGGGG हा शाइन-डालगार्नोसारखाच तुकडा १६एस आरएनएला धरतो. आरंभाच्या वेळी असतं त्यापेक्षा अंतर इथे फारच कमी, त्यामुळे ताण येतो आणि टीआरएनए एक अक्षर पुढे, UUU वर घसरतो. त्याचा अँटिकोडॉन GAG. CUU वर पहिली जोडी C-G होती, घसरल्यावर ती U-G होते. उरलेल्या दोन तशाच. म्हणून तो तिथे टिकतो. आता ए जागेत GAC आहे, ॲस्पार्टिक आम्ल येतं आणि पूर्ण आरएफ-२ वाचून निघतं. थोडक्यात, आरएफ-२ चा तुटवडाच आरएफ-२ बनवतो.

दोन्ही फाटे एकाच फाइलमध्ये ठेवलेत, आरएफ-२ चं प्रमाण स्लायडरवर. स्लायडर वर नेला की छोटी साखळी सुटते, खाली आणला की घसरण दिसते.

राहिलंय ते आरएफ-२ चं GGQ टोक. ते मोठ्या उपघटकातल्या, बंध घडवणाऱ्या पेप्टिडिल केंद्रात शिरून साखळी आणि टीआरएनएमधला बंध पाण्याच्या रेणूकरवी तोडतं. तो रेणू या मापावर कसा दाखवायचा, हे अजून ठरत नाहीये. त्यानंतर आरआरएफ हे रायबोसोम पुन्हा मोकळा करणारं प्रथिन आणि ईएफ-जी मिळून दोन्ही उपघटक वेगळे करतात, तो शॉट पुढच्या फेरीत.