चटणीच्या धंद्याचे परवाने: एजंटच्या यादीतून आम्ही काय ठेवलं, काय गाळलं

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही कांदा-लसूण चटणी विकायचं ठरवलं. कोल्हापुरात चैत्र-वैशाखात घरोघरी वर्षाची चटणी होतेच. माझ्या चटणीला नात्यातून आणि गल्लीतून मागणी होती, म्हणून यजमान म्हणाले, रीतसरच करू. कागदपत्रं करून देणाऱ्या एका एजंटाने पाच नोंदण्यांची यादी लिहून दिली आणि चौदा हजार सांगितले. फूड लायसन्स, जीएसटी, शॉप ॲक्ट, उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, आणि व्यवसाय कर. यातलं नेमकं काय आपल्याला लागू आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांना सगळं लागतं." ते मला पटलं नाही.

त्या रात्री मी वहीत चार गोष्टी लिहिल्या. आपण काय करतो, महिन्याला किती करतो, कुणाला आणि कुठे विकतो, हाताखाली किती माणसं आहेत. उत्तरं अशी होती: चटणी घरीच भाजून डंकावर कुटून आणतो. एका वेळी पंधरा-वीस किलो, महिन्याला साठेक किलो. दुकानदाराला किलोमागे 600 रुपये भाव, म्हणजे महिन्याला 36 हजार आणि वर्षाला 4 लाख 32 हजारांची विक्री. कामाला फक्त आम्ही दोघं. पुढे प्रत्येक नोंदणीचा निर्णय या चार ओळींवरूनच झाला.

खाण्याचा धंदा म्हटला की अन्न सुरक्षेची नोंद चुकत नाही, मग तो घरातून केलेला का असेना. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहतं, अर्ज मात्र foscos.fssai.gov.in वर करायचा. आम्ही केला तेव्हा नियम असा होता: वर्षाची विक्री 12 लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी, फी वर्षाला 100 रुपये. त्याच्या वर 20 कोटींपर्यंत राज्याचा परवाना, आणि त्याहून मोठ्यांना केंद्राचा. वस्तू तयार करणाऱ्याला आणखी एक अट होती, उत्पादन क्षमता दिवसाला 100 किलोच्या आत हवी. आम्ही दोन्हींत बसत होतो. पाच वर्षांचे 500 रुपये भरले. एजंटच्या यादीत मात्र राज्याचा परवाना होता. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून अर्ज करताना पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरायचा.

चूक माझी व्यवसायाचा प्रकार निवडताना झाली. विकायचंच तर आहे, म्हणून मी "किरकोळ विक्रेता" निवडलं. अर्ज शंका लावून परत आला. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, मिरची कोण निवडतं? कांदा-खोबरं कोण भाजतं? प्रमाण कोण ठरवतं?" सगळं मीच. "मग तुम्ही उत्पादक आहात. कुटायला बाहेर देता म्हणून विक्रेत्या होत नाही." त्यांनी पुढे डंकवाल्याची नोंदणी आहे का, तेही विचारलं, कारण माझ्या चटणीवरची एक प्रक्रिया त्याच्या जागेत होते. ते माझ्या मनातही आलं नव्हतं. आमच्या डंकवाल्याची नोंदणी नव्हती, म्हणून आम्ही ती असलेला दुसरा डंक शोधला. प्रकार बदलून अर्ज परत भरला आणि चौदा आकडी नंबर मिळाला. त्याचा पहिला आकडा पाहायची सवय मला तेव्हापासून लागली. 2 असेल तर नोंदणी, 1 असेल तर परवाना. त्यापुढचे 15 म्हणजे महाराष्ट्र. कुणाचं पाकीट हातात आलं की एवढ्यावरून तो केवढा उत्पादक आहे याचा अंदाज येतो.

नंबर मिळाला, पाकिटांवर स्टिकर लावली आणि राजारामपुरीतल्या एका किराणा दुकानात दहा पाकिटं घेऊन गेले. दुकानदाराने पाकीट उलटसुलट केलं आणि म्हणाले, "वहिनी, माल एक नंबर आहे, पण यावर किंमत कुठंय? वजनमापवाले आले तर मला दंड." एजंटच्या यादीत नसलेली गोष्ट ही होती. आधीच पॅक करून विकायच्या मालाला वैधमापन खात्याचे 2011 चे नियम लागतात. नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, आणि ग्रॅममागची किंमतसुद्धा. आमचं 250 ग्रॅमचं पाकीट 175 रुपयांना, म्हणून "70 पैसे प्रति ग्रॅम" असं छापलं. त्याखेरीज पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांच्या आत पॅकर म्हणून त्या खात्याकडे नाव नोंदवायचं असतं, फी 500 रुपये. घरातला वजनकाटाही पडताळणीचा शिक्का मारून घ्यावा लागला, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचं हे काम दरवर्षी करायचं. समोर उघड्यावर तोलून देणाऱ्याला पाकिटाचे हे नियम लागत नाहीत, पण काट्याचा शिक्का त्यालाही हवाच.

जीएसटीचा प्रश्न मी सोपा समजत होते. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि आमची विक्री त्याच्या जवळपासही नव्हती. मग बेळगावच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, महिन्याला वीस किलो पाठवा. बेळगाव आपल्याला घरासारखं, बोलणं मराठीत, एसटीने अडीच-तीन तासांत पोचतो. कायद्याच्या लेखी मात्र ते कर्नाटक. राज्याबाहेर करपात्र माल विकला की पहिल्या किलोपासून जीएसटी नोंदणी लागते, 40 लाखांची सवलत तिथे चालत नाही. एकदा नोंदणी झाली की कोल्हापुरातल्या विक्रीवरही कर लागतो, आणि राज्याबाहेर माल जात असल्यामुळे छोट्यांसाठीची कंपोझिशन योजनाही मिळत नाही. आम्ही हिशेब मांडला आणि त्या वर्षी बेळगावला नाही म्हणालो.

जाऊबाई डबे देतात, त्यांचं गणित वेगळं आहे. तयार जेवण देणं ही सेवा धरली जाते, म्हणून त्यांची मर्यादा 20 लाख. मी माझ्याच पॅनवर चटणीबरोबर डबेही सुरू केले, तर दोन्हींची विक्री एकत्र मोजली जाईल आणि मलाही 20 लाखांचीच मर्यादा लागेल.

बाकीचं भराभर झालं. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असली तर शॉप ॲक्टखाली नोंदणी लागत नव्हती, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. मराठी पाटीचा फोटो जोडायचा, म्हणून आधी पाटी रंगवून घेतली. त्या पावतीवर बँकेने चालू खातं उघडून दिलं. व्यवसाय कराचं नाव नोंदवलं, तो वर्षाला 2500 रुपये. उद्यम सक्तीचं नाही, पण फुकट आहे. आम्ही कर्जाचा विचार म्हणून घेतलं, udyamregistration.gov.in वर, आधार आणि पॅनवर. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट शोधात वर येतात, म्हणून पत्ता हाताने टाइप करावा. एजंटच्या चौदा हजारांच्या जागी सरकारी फी, काट्याचा शिक्का आणि व्यवसाय कर मिळून आमचे चार हजारांच्या आत गेले.

पुढच्या वर्षी बेळगावच्या व्यापाऱ्याने दरमहा चाळीस किलोची मागणी कायम केली, तेव्हा जीएसटी घेतला. नोंदणीला फी नाही, पण विवरणपत्र विक्री शून्य असली तरी भरावंच लागतं, म्हणून एका सीएला ठरावीक रकमेवर ते काम दिलं. पहिल्या बिलावर राज्याबाहेरच्या कराचा रकाना यजमानांनी भरला आणि पाकिटांची पेटी मी बांधली.