कुठेही थांबणारा रोटर

“नाइफ एजवर रोटर कसाही ठेवला तरी जागच्या जागी थांबतो. म्हणजे बॅलन्स झालाच की. मग चालू केल्यावर हादरतो कशाने?”

कारण नाइफ एजवर, म्हणजे शाफ्ट मोकळा लोळू शकेल अशा दोन समांतर धारदार पट्ट्यांवर, तुम्ही गुरुत्वाकर्षणाला साक्षीला बोलावता आणि त्याला अर्धीच गोष्ट दिसते. जड बाजू शाफ्टभोवती कोणत्या कोनात आहे आणि ती समतोल करायला किती वजन लागेल, एवढं ते सांगतं. ती जड बाजू शाफ्टच्या लांबीवर कुठे आहे, डाव्या टोकाला की उजव्या, यावर ते अवाक्षर काढत नाही. ही दुसरी अर्धी गोष्ट फक्त फिरताना बाहेर येते.

मी हे एका ब्लोअरच्या रोटरवर शिकलो. दोन तबकड्या, त्यांच्यामध्ये पाती, तबकड्यांमधलं अंतर ३०० मिमी. दोन्ही बाजूंना बेअरिंग, एकमेकांपासून ५०० मिमीवर, म्हणजे प्रत्येक तबकडी तिच्या जवळच्या बेअरिंगपासून १०० मिमी आत. डाव्या तबकडीला तडा गेला होता म्हणून तिथे ठिगळ वेल्ड केलेलं होतं. मी नाइफ एज लेव्हलवर घेतल्या, रोटर ठेवला, हळूच ढकलून सोडला. तो डुलत डुलत थांबला तेव्हा ठिगळ बरोबर खाली. वरच्या बाजूला पुट्टीचा गोळा चिकटवला आणि रोटर पाव फेरा फिरवून सोडला, म्हणजे ठिगळ एका कुशीवर आणि पुट्टी दुसऱ्या. पुट्टी खाली गेली की थोडी काढायची, ठिगळ खाली गेलं की थोडी लावायची. असं करत तो कुठेही सोडला तरी थांबू लागला. पुट्टी वजन केली तर २० ग्रॅम, त्रिज्या २०० मिमी. इथवर सगळं बरोबर होतं.

चूक पुढे झाली. डाव्या तबकडीच्या त्या जागी वेल्डिंगचा हात नीट पोचत नव्हता, म्हणून मी तेवढंच वजन, त्याच कोनात, त्याच त्रिज्येवर, पण उजव्या तबकडीला लावलं. पुन्हा नाइफ एजवर ठेवून पाहिलं, उत्तम. मशीनवर चढवला आणि जे उजवं बेअरिंग आधी शांत होतं तेच ठोके द्यायला लागलं.

आता यातलं गणित बघा, फार सोपं आहे. १५०० आरपीएमला २०० मिमी त्रिज्येवरचे २० ग्रॅम जवळपास १० किलोच्या जोराने बाहेर ओढतात. आरपीएम दुप्पट झाले की हा जोर चौपट होतो. दुरुस्तीआधी हा जोर एकटा होता, डाव्या तबकडीवर. त्यातला ८ किलो डाव्या बेअरिंगवर येत होता आणि २ किलो उजव्यावर. मी उजवीकडे वजन लावल्यावर १० किलो डावीकडे एका दिशेला आणि १० किलो उजवीकडे उलट दिशेला झाले. बेरीज शून्य, म्हणून नाइफ एज खूश. पण हे दोन जोर ३०० मिमी अंतरावरून शाफ्टची दोन टोकं उलट दिशांना ढकलायला लागले, यालाच मी पीळ म्हणतो. हा पीळ ५०० मिमीवरच्या बेअरिंगांनी पेलायचा म्हणजे प्रत्येकावर ६ किलो, उलटसुलट, दर फेऱ्याला एकदा. डावीकडे ८ चे ६ झाले खरे, पण उजवीकडे २ चे ६ झाले. मी त्या बेअरिंगचा भार तिप्पट करून ठेवला होता, आणि माझी तपासणी मला शाबासकी देत होती.

तेच वजन कापून डाव्या तबकडीला लावलं तेव्हा दोन्ही बेअरिंग निवांत झाली. स्टॅटिक, म्हणजे न फिरवता तपासलेला, आणि डायनॅमिक, म्हणजे फिरतानाही टिकणारा, अशा दोन बॅलन्समध्ये फरक आहे तो एवढाच. स्टॅटिकला वजन आणि त्रिज्या यांच्या गुणाकारांची बेरीज दिशेसकट शून्य झाली की भागतं. डायनॅमिकला तोच गुणाकार शाफ्टवरच्या अंतराने पुन्हा गुणून, त्याचीही बेरीज शून्य व्हावी लागते. पातळ तबकडी शाफ्टवर काटकोनात बसलेली असेल तर सगळी वजनं एकाच प्लेनमध्ये असतात, हे अंतर उरतच नाही, आणि तिथे नाइफ एज पुरते. तीच तबकडी जरा तिरकी बसली तर मात्र तिलाही पीळ येतो, हे लक्षात असू द्या.

पण जड जागा नेमकी तबकडीत नसून मध्येच पात्यावर असली तर? तिथे समोरासमोर वजन लावता येत नाही. मग ते दोन तबकड्यांत वाटायचं, जसं काठीला अडकवलेलं ओझं दोन माणसं उचलतात आणि जवळच्याला जास्त पेलावं लागतं. समजा २० ग्रॅमचं ठिगळ डाव्या तबकडीपासून ६० मिमीवर आहे, शून्य अंशाला. त्याचा हिस्सा डावीकडे १६ ग्रॅम, उजवीकडे ४. आणखी एक १२ ग्रॅमचं ठिगळ डाव्या तबकडीपासून २०० मिमीवर, ९० अंशाला. त्याचा हिस्सा डावीकडे ४, उजवीकडे ८. सगळी त्रिज्या २०० मिमीच धरू. आता प्रत्येक तबकडीवर हे दोन हिस्से काटकोनात जोडायचे. डावीकडे १६ आणि ४ मिळून १६.५ ग्रॅम, १४ अंशाला. म्हणून तिथे १६.५ ग्रॅम १९४ अंशाला लावायचे. उजवीकडे ४ आणि ८ मिळून ८.९ ग्रॅम, ६३ अंशाला, म्हणून वजन २४३ अंशाला.

दोन्ही वजनांच्या कोनांत ४९ अंशांचा फरक आहे, तो बघा. बॅलन्स केलेल्या रोटरवर दोन टोकांची वजनं अशी वेडीवाकडी दिसली की नवीन मुलांना वाटतं कुणीतरी चुकलंय, आणि ती एका रेषेत आणायचा मोह होतो. कृपा करून आणू नका. ती तिथेच असायला हवीत. त्याच्या जागी स्टॅटिकचं उत्तर २११ अंशाला २३.३ ग्रॅम असं एकच येतं, आणि ते कुठल्या तबकडीला लावायचं हे ते सांगतच नाही.

ठिगळ दिसत नसतं तेव्हा बेअरिंगवरचं व्हायब्रेशन बघायचं. फेऱ्याइतक्याच वारंवारतेने हादरत असेल तर आधी बॅलन्सचा संशय. मग फेज बघा. दोन्ही बेअरिंग एकाच वेळी एकाच बाजूला जात असतील तर दोष मुख्यतः स्टॅटिक. एक डावीकडे जाताना दुसरं उजवीकडे जात असेल तर पीळ आहे, आणि नाइफ एज तिथे काहीच कामाची नाही.

शून्यापर्यंत पोचायचा हट्टही नको. किती असमतोल चालेल हे ठरवणारे ग्रेड असतात; पंख्यांना सहसा लावतात त्या जी ६.३ ग्रेडने ४० किलोच्या रोटरला १५०० आरपीएमवर या त्रिज्येत एकूण ८ ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे दोन्हीकडे सारखं वाटलं तर प्रत्येक तबकडीला ४. आणि हे सगळं शाफ्ट वाकत नाही असं धरून. ज्या वेगाला शाफ्ट सगळ्यात जास्त वाकून थरथरतो तो क्रिटिकल स्पीड. रोटर त्याच्या पहिल्या क्रिटिकल स्पीडच्या साधारण ७० टक्क्यांवर गेला की तो स्वतःच वाकायला लागतो, जड जागा बाहेर सरकते, आणि कमी वेगात लावलेली दोन वजनं तिथे पुरी पडत नाहीत. तसा रोटर त्याच्या चालत्या वेगातच बॅलन्स करावा लागतो, आणि बहुतेक वेळा दोनपेक्षा जास्त प्लेनमध्ये.